सरासरीच्या वरच्या सतरा बाटल्या

गॅस संपतो तो बहुधा सकाळी, कुकरची दुसरी शिट्टी व्हायच्या बेतात असताना. ज्या घरात दोन सिलिंडर आहेत तिथं कोणाची धावपळ होत नाही. रेग्युलेटर काढून दुसऱ्या सिलिंडरला लावला जातो, मोबाइलवरून नंबर लावला जातो आणि शिट्टी होते. एकच सिलिंडर असलेल्या घरात मात्र महिना उलटला की हालवून बघणं सुरू होतं. ज्योत पिवळी झाली का, सिलिंडर हलका लागतो का, आणि नंबर आज लावायचा की चार दिवसांनी.

दोन सिलिंडरवाल्या घरानं नकळत साठ्याचा एक पक्का नियम पाळलेला असतो. पहिला संपला, म्हणजे हातात नेमका एक भरलेला सिलिंडर उरला, की मागणी नोंदवायची. या उरलेल्या साठ्याला व्यापारात रिऑर्डर लेव्हल म्हणतात. मराठी पाठ्यपुस्तकं तिला पुनर्मागणी पातळी म्हणतात. नंबर लावल्यापासून सिलिंडर दारात येईपर्यंतचा काळ म्हणजे लीड टाइम. समजा एक सिलिंडर चाळीस दिवस पुरतो आणि नवा चार दिवसांत येतो. मग उरलेल्या सिलिंडरमधला चार दिवसांचा गॅस वाट पाहण्यात जळणार आणि छत्तीस दिवसांचा शिल्लक राहणार. ही शिल्लक म्हणजे सेफ्टी स्टॉक, राखीव साठा. चार दिवसांच्या वाटेसाठी छत्तीस दिवसांची राखण! घरात हे परवडतं, कारण सिलिंडर अर्धा येत नाही. दुकानदारानं प्रत्येक मालाला हाच नियम लावला, तर त्याचं भांडवल महिनाभरात फळीवर जाऊन बसेल.

त्याला मग दुसरा हिशेब करावा लागतो. तो नीट कळावा म्हणून तालुक्याच्या गावातलं एक औषधाचं दुकान डोळ्यांसमोर आणू. दुकान कल्पनेतलं आहे, आकडेही सोयीसाठी घेतलेले आहेत, पण गणित खरं आहे. माल एकच घेऊ, इन्सुलिन. भारतात सर्रास मिळणारी दहा मिलिलिटरची बाटली, दर मिलिलिटरला ४० युनिट. ती २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावी लागते आणि गोठली तर वाया जाते. म्हणजे जागा फ्रिजमधलीच हवी, आणि फ्रिज एकच आहे. ती संपली असताना दुसरं काही हातावर ठेवून गिऱ्हाइकाची बोळवणही करता येत नाही. त्याच्याकडची सिरिंज ४० युनिटच्या खुणांची असते. त्याच सिरिंजने १०० युनिटवालं इन्सुलिन त्याच खुणेपर्यंत भरलं, तर अडीचपट डोस शरीरात जाईल. बिस्किटाचा एक छाप नसला तर दुसरा चालतो, तसं इथं नाही.

दुकानात सरासरी दिवसाला आठ बाटल्या विकल्या जातात. जिल्ह्याच्या ठिकाणच्या स्टॉकिस्टला ऑर्डर दिली की माल पाचव्या दिवशी येतो. एका वेळी साठ बाटल्या मागवायची पद्धत आहे. मालकाचा हिशेब सरळ होता. आठ पंचे चाळीस. फ्रिजमध्ये चाळीस उरल्या की फोन करायचा. त्या संपता संपता नवा माल येईल.

हिशेब चुकलेला नाही. तरी दर दोन ऑर्डरींमागे एकदा काउंटरवर तेच संभाषण होतं.

“दादा, आईचं इन्सुलिन द्या.”

“काकू, आज संपलंय. परवा येईल.”

“परवापर्यंत कसं चालेल? बघते मग समोर.”

का होतं हे समजण्यासाठी मालकानं दोन महिन्यांची बिलं काढली आणि पाच-पाच दिवसांची विक्री मांडली. बारा आकडे मिळाले: ३४, ४१, ३८, ५२, २९, ४०, ४६, ३६, ४७, ३०, ४३, ४४. बेरीज ४८०, सरासरी बरोबर ४०. पण या बारांपैकी सहा आकडे चाळीसच्या वर आहेत. म्हणजे या बारा खेपांच्या सुरुवातीला चाळीस बाटल्या फ्रिजमध्ये ठेवून ऑर्डर दिली असती, तर सहा वेळा माल येण्याआधी फ्रिज रिकामा झाला असता. नशिबाचा यात काही भाग नाही. मागणी सरासरीच्या खाली आणि वर साधारण सारख्याच वेळा जात असेल, तर सरासरीवर ऑर्डर देणारा दुकानदार निम्म्या वेळा तोंडघशी पडणारच. सरासरी हा आकडा मालकानं संरक्षण समजून घेतला होता. प्रत्यक्षात ती छापा-काट्याची पैज होती.

इथं एक गोष्ट नजरेतून सुटते. विक्री वर्षभर खालीवर होते, पण धोका वर्षभर नसतो. फ्रिजमध्ये ऐंशी बाटल्या असताना एका दिवशी वीस खपल्या तर बिघडत काहीच नाही. रिऑर्डर लेव्हल दीड दिवस आधी गाठली जाते आणि ऑर्डर दीड दिवस आधी जाते, एवढंच. ऑर्डर गेल्यावर मात्र दुकानदाराचे हात बांधलेले असतात. आता जे आहे त्यातच पाच दिवस काढायचे. त्यामुळे महिन्याची विक्री किती डळमळते, वर्षाची किती, हे प्रश्न बाजूला ठेवायचे. लीड टाइममध्ये मिळून किती माल खपतो आणि तो आकडा किती हलतो, एवढंच मोजायचं.

हलणं मोजायला संख्याशास्त्रात प्रमाण विचलन आहे. शाळेत ते रटाळ वाटलेलं असतं, इथं मात्र कामाला येतं. प्रत्येक आकडा चाळीसपासून किती दूर आहे ते काढायचं: सहा खाली, एक वर, दोन खाली, बारा वर, असं. या अंतरांचे वर्ग करायचे, बेरीज करायची. वरच्या आकड्यांत ती ५३२ येते. बारातून एक वजा करून अकरानं भागायचं, ४८ आणि वर थोडं. त्याचं वर्गमूळ जवळजवळ ७. बारातून एक वजा करण्यामागचं कारण तांत्रिक आहे: सरासरीही याच आकड्यांतून काढलेली असल्यामुळे अंतरं किंचित कमी दिसतात, त्याची ही भरपाई. लक्षात ठेवायचं ते एवढंच, की या दुकानात पाच दिवसांची मागणी चाळीसच्या आसपास साधारण सात बाटल्यांनी हेलकावते.

पुढची पायरी घंटेच्या आकाराच्या त्या प्रसिद्ध वक्राची. मागणी पुष्कळ वेगवेगळ्या गिऱ्हाइकांची मिळून बनलेली असेल, तर लीड टाइममधली बेरीज बहुधा या वक्राच्या जवळ जाते. आणि मग फ्रिजमध्ये सरासरीच्या वर किती बाटल्या ठेवल्या की किती वेळा निभावेल, हे तक्त्यातून वाचता येतं. सरासरीवर एक विचलन, म्हणजे सात बाटल्या जास्त, ठेवल्या तर शंभरातल्या चौऱ्याऐंशी ऑर्डरी निभावतात. आणखी सात ठेवल्या तर सुमारे अठ्ठ्याण्णव. आणखी सात, तर नव्याण्णवच्याही वर, जवळजवळ सगळ्या. पहिल्या सात बाटल्यांनी चौतीस ऑर्डरी वाचवल्या, दुसऱ्या सातांनी चौदा, तिसऱ्या सातांनी दोन. फ्रिजमधली जागा तिघींना सारखीच लागली.

किती ऑर्डरी निभावल्या पाहिजेत, याच्या ठरवलेल्या टक्केवारीला सेवा पातळी म्हणतात, बोलताना सर्व्हिस लेव्हल. ९५ टक्के ठरवली तर तक्ता सांगतो १.६४५ विचलनं, साताने गुणून साडेअकरा, वर धरून बारा. राखीव साठा बारा, रिऑर्डर लेव्हल बावन्न. ९९ टक्क्यांना २.३३ विचलनं, राखीव सतरा, रिऑर्डर लेव्हल सत्तावन्न. ९९.९ टक्क्यांना ती बासष्ट होते. शंभर टक्क्यांसाठी तक्त्यात आकडाच नाही. वक्राचं शेपूट कधी जमिनीला टेकत नाही. “आमच्याकडे कधीच काही संपत नाही,” असं सांगणारा दुकानदार एक तर बढाई मारत असतो, नाही तर त्याचा निम्मा माल मुदत संपून परत जात असतो.

हे सगळं हातानं करायची गरज नाही. बारा आकडे एक्सेलच्या एका स्तंभात भरले आणि खालची एक ओळ लिहिली की ५१.४ येतात. अर्धी बाटली मागवता येत नाही, म्हणून बावन्न.

```
=AVERAGE(B2:B13)+NORM.S.INV(0.95)*STDEV.S(B2:B13)
```

कल्पना काही नवी नाही. आर. एच. विल्सन या अमेरिकन सल्लागारानं १९३४ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त साठा राखण्याच्या शास्त्रीय पद्धतीवर लेख लिहिला, त्यात किती मागवायचं आणि कधी मागवायचं हे दोन प्रश्न वेगवेगळे करून मांडलेले होते. पहिल्या प्रश्नाचं सूत्र पुढं त्याच्याच नावानं ओळखलं जाऊ लागलं, जरी ते एफ. डब्ल्यू. हॅरिस यानं १९१३ मध्येच दिलं होतं. या लेखाचा विषय दुसरा प्रश्न आहे, आणि दुकानदाराची झोप तोच जास्त उडवतो.

आता ९५ टक्क्यांचा अर्थ. इथं भलेभले गोंधळतात, आणि साठ्याचं सॉफ्टवेअर विकणारे काही जण तो गोंधळ मिटवण्याच्या भानगडीत पडत नाहीत.

वरची टक्केवारी ऑर्डरींची आहे: वीस ऑर्डरींपैकी एकोणीस वेळा माल येईपर्यंत फ्रिज रिकामा होणार नाही. गिऱ्हाइकाच्या बाजूनं पाहिलं तर प्रश्न वेगळा असतो. मागितलेल्या शंभर बाटल्यांपैकी किती हातात पडल्या? त्याला पूर्तीचं प्रमाण म्हणू. मालकाची जुनी पद्धत, चाळीसवर ऑर्डर देण्याची, पुन्हा तपासू. बारापैकी सहा वेळा माल कमी पडला. किती कमी? एक, बारा, सहा, सात, तीन आणि चार. एकूण तेहेतीस बाटल्या. बारा ऑर्डरींतून आलेला माल सातशे वीस बाटल्यांचा. म्हणजे साडेचार टक्क्यांच्या आसपास मागणी रिकाम्या हातानं परत गेली आणि पंच्याण्णव टक्क्यांहून थोडी जास्त पुरी झाली.

तोच फ्रिज, त्याच चाळीस बाटल्या. ऑर्डरींच्या मापानं सेवा पातळी पन्नास टक्के, बाटल्यांच्या मापानं पंच्याण्णव. दोन्ही आकडे खरे. मालकाला कोणी विचारलं असतं, “तुमची सर्व्हिस लेव्हल किती?” आणि त्यानं पंच्याण्णव सांगितलं असतं, तर तो खोटं बोलला नसता. फक्त दर पंधरा दिवसांनी एकदा त्याच्या दुकानातून इन्सुलिन नाहीसं होत होतं.

दोन मापांत एवढी तफावत पडते, कारण एका वेळी मागवलेला माल जितका जास्त, तितक्या कमी वेळा दुकान धोक्याच्या काळातून जातं. हाच मालक साठऐवजी एकशेवीस बाटल्या मागवू लागला, तर लेव्हल चाळीसच ठेवूनही बाटल्यांच्या मापानं पूर्ती सुमारे अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर जाईल, कारण कमतरता वर्षातून निम्म्याच वेळा येईल. ऑर्डरींच्या मापात मात्र तो पन्नासवरच अडकलेला दिसेल. तेव्हा कोणी ९५ टक्क्यांची बढाई मारली, की आधी विचारावं: कशाचे पंच्याण्णव?

पण पंच्याण्णवच का? ब्याण्णव का नाही, नव्याण्णव का नाही? पुष्कळ ठिकाणी हा आकडा केवळ गोल आणि शहाणा दिसतो म्हणून घेतलेला असतो. तो पैशांतून काढता येतो, आणि त्यासाठी एकाच बाटलीकडे टक लावून पाहावं लागतं.

समजा रिऑर्डर लेव्हल बावन्न आहे आणि मालक त्रेपन्नावी बाटली ठेवायची की नाही याचा विचार करतो आहे. बाटलीची किंमत दीडशे रुपये धरू. तिच्यात अडकलेला पैसा, फ्रिजची वीज, मुदत संपण्याची जोखीम मिळून वर्षाला वीस टक्के खर्च धरला, तर ती वर्षभर ठेवायला तीस रुपये पडतात. ती उपयोगी केव्हा पडेल? लीड टाइममधली मागणी बावन्नच्या वर जाईल तेव्हा, म्हणजे शंभर ऑर्डरींत पाच वेळा. दिवसाला आठ म्हणजे वर्षाला दोन हजार नऊशे वीस बाटल्या. साठ-साठच्या ऑर्डरी वर्षात जवळजवळ एकोणपन्नास होतात. त्यातल्या पाच टक्के, म्हणजे वर्षातून साधारण अडीच वेळा ही बाटली कामाला येईल. एक गिऱ्हाईक परत गेलं की पंचवीस रुपयांचा नफा बुडतो असं धरलं, तर बाटली वर्षाला साठ रुपये वाचवते आणि तीस खाते. ठेवावी. हाच विचार चौपन्नाव्या, पंचावन्नाव्या बाटलीचा करत जायचं. लेव्हल चौपन्नच्या आसपास आली की कमाई आणि खर्च बरोबरीला येतात. तिथं सेवा पातळी साडेसत्त्याण्णव टक्के निघते. ती कोणी ठरवलेली नसते, हिशेबातून आलेली असते.

पंचवीस रुपयांचं हे गृहीत मात्र भाबडं आहे. समोरच्या दुकानात गेलेली ती काकू इन्सुलिनबरोबर रक्तदाबाच्या गोळ्या, सिरिंज आणि शुगर मोजायच्या पट्ट्याही तिथूनच घेणार, आणि पुढच्या महिन्यात कदाचित इकडं वळणारच नाही. एका नकाराची किंमत दोनशे रुपये धरली तर हिशेब साठ बाटल्यांवर जाऊन थांबतो, सेवा पातळी नव्याण्णव पूर्णांक सात दशांश टक्के. नकाराची किंमत आठपट झाली आणि लेव्हल वाढली फक्त सहा बाटल्यांनी. हे दुकानदारासाठी दिलासादायक आहे: त्या किमतीचा अंदाज थोडा इकडंतिकडं झाला तरी उत्तर फारसं हलत नाही. आमच्या दुकानाच्या मालकानं दोन्हींच्या मधला, नव्याण्णव टक्क्यांचा आकडा पत्करला. सत्तावन्न. एकोणपन्नास ऑर्डरींना एक टक्का धोका, म्हणजे दोन वर्षांतून एकदा फ्रिज रिकामा. फ्रिजच्या दारावर चिकटपट्टीनं एक चिठ्ठी लागली, “५७ ला फोन”.

चिठ्ठी लागली म्हणजे काम संपलं असं नाही. पहिली गडबड सहसा नोकराकडून होते आणि दोष त्याचा नसतो. मंगळवारी सत्तावन्न उरल्या म्हणून ऑर्डर गेली. बुधवारी दुसऱ्या पोऱ्यानं फ्रिज उघडला, पन्नास दिसल्या, त्यानं पुन्हा फोन केला. सोमवारपर्यंत एकशेवीस बाटल्या दारात. रिऑर्डर लेव्हलशी ताडायचा आकडा फ्रिजमधला नसून फ्रिजमधला अधिक वाटेवरचा असतो. पन्नास अधिक येणाऱ्या साठ, एकशे दहा. फोनची गरज नाही.

दुसरी गडबड जास्त खोल आहे आणि ती बिलांतच दडलेली असते. मालकानं बारा आकडे बिलांवरून काढले. पण ज्या दिवशी इन्सुलिन संपलं होतं त्या दिवशी बिल झालंच नाही. परत गेलेली गिऱ्हाइकं कुठल्याच कागदावर नाहीत. माल जितका जास्त वेळा संपतो, तितकी नोंदीतली मागणी कमी आणि शांत दिसते. सरासरीही खाली येते आणि विचलनही. त्या आकड्यांवरून काढलेली लेव्हल कमी येते, माल पुन्हा संपतो, आणि नोंद पुन्हा कमी दाखवते. हे ओळखायची खूण सोपी आहे. नव्या मालाच्या आदल्या दोन दिवसांची विक्री वारंवार शून्य किंवा एक-दोन दिसत असेल, तर ती मागणी नाही, रिकामा फ्रिज आहे. उपायही जुना आहे: काउंटरवर एक वही, आणि “नाही” म्हणून परत पाठवलेल्या प्रत्येक मागणीची तिच्यात एक रेघ. ते जमत नसेल तर निदान माल संपलेले दिवस हिशेबातून वगळावेत.

तिसरी मर्यादा घंटेच्या वक्राचीच आहे, आणि ती समजायला तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जावं लागेल. तिथल्या फ्रिजमध्ये सर्पदंशावरचं प्रतिविष असतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर चालणारं. विषबाधेची लक्षणं दिसलेल्या रुग्णाला सुरुवातीलाच दहाच्या आसपास बाटल्या लागतात. समजा नवा साठा यायला जेवढा काळ लागतो तेवढ्यात सरासरी दोन रुग्ण येतात, म्हणजे वीस बाटल्या. भांडारपालानं बाटल्या हेच एकक धरलं आणि प्रत्येक बाटलीची मागणी स्वतंत्रपणे येते असं मानलं, तर अशा तुरळक मागणीसाठीचा नेहमीचा नियम सांगतो, की विचलन हे सरासरीचं वर्गमूळ असतं: वीसचं वर्गमूळ साडेचार. नव्याण्णव टक्क्यांसाठी साडेदहा जास्त, लेव्हल एकतीस. कागदावर सगळं ठीक.

पण बाटल्या एकेकट्या खपत नाहीत, दहा-दहाच्या झुबक्यानं खपतात. एकतीस बाटल्या म्हणजे तीन रुग्ण. सरासरी दोन रुग्ण असताना चौथा येण्याची शक्यता शंभरात चौदाहून जास्त आहे. नव्याण्णव समजून ठेवलेली सेवा पातळी प्रत्यक्षात शहाऐंशीच्याही थोडी खाली भरते. हिशेब रुग्णांचा केला असता, तर नव्याण्णव टक्क्यांसाठी सहा रुग्णांपुरत्या, म्हणजे साठ बाटल्या निघाल्या असत्या, सरासरीच्या तिप्पट. इन्सुलिनच्या दुकानात सरासरीच्या वर चाळीस-पंचेचाळीस टक्के राखीव ठेवून जे साधतं, त्यासाठी इथं दोनशे टक्के ठेवावं लागतं. मागणीचं एकक कोणतं, हे आधी ठरवलं नाही तर पुढचं सगळं गणित बिनचूक असून फसवं होतं. शिवाय पावसाळ्यात साप बाहेर पडतात आणि सरासरीच बदलते. मार्च-एप्रिलच्या नोंदींवरून काढलेली लेव्हल जुलैत चालत नाही.

इन्सुलिनच्या दुकानालाही ऋतू आहे, पण तो गिऱ्हाइकांचा कमी आणि स्टॉकिस्टचा जास्त. दिवाळीत गोदाम तीन दिवस बंद, म्हणजे पाचाचे आठ दिवस होणार. मालकानं पहिल्या वर्षी सत्तावन्नाला आठ-पंचमांश पट केली आणि ब्याण्णव काढल्या. हे जरा जास्त झालं. सरासरी दिवसांच्या प्रमाणात वाढते, चाळीसची चौसष्ट होते, पण विचलन तसं वाढत नाही. सोमवारी जास्त खप झाला तर मंगळवारी कमी होऊ शकतो. दिवस जितके जास्त, तितके चढउतार एकमेकांना खातात. म्हणून ते दिवसांच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतं. पाच दिवसांना सात, तर एका दिवसाला तीनच्या थोडं वर आणि आठ दिवसांना पावणेनऊच्या आसपास. नव्याण्णव टक्क्यांसाठी राखीव एकवीस. चौसष्ट अधिक एकवीस, पंच्याऐंशी.

वर्गमुळाचा हा नियम दिवस एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच चालतो. गावात मधुमेहाचं मोफत तपासणी शिबिर झालं आणि नंतर आठवडाभर रोज नवी चिठ्ठी येऊ लागली, तर चढावर चढच येतो, उतार येत नाही. तेव्हा जुने बारा आकडे ठेवून भागत नाही, नवे मोजावे लागतात. दिवाळीत तसं काही नसतं. वसुबारसेच्या आठवडाभर आधी फ्रिजवरच्या चिठ्ठीतले ५७ खोडून वर ८५ लिहिले जातात, आणि भाऊबीज झाल्यावर गोदाम उघडल्याचा फोन आला, की ८५ खोडून पुन्हा ५७. हे दुसरं खोडणं विसरलं की डिसेंबरात लस ठेवायला फ्रिजमध्ये जागा उरत नाही, आणि मग कोणी तरी दाराशी उभं राहून विचारतं, “एवढं इन्सुलिन कोणी मागवलं?”